हरकत मुंबईत वाचली जाते

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लिलावाच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या गर्दीत, एक चौकट येते: अमुक गावच्या अमुक गट नंबरमध्ये दगडखाण प्रस्तावित असून तिच्या पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणीची तारीख ठरली आहे. खाली सही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याची. गावात बातमी पोहोचते तेव्हा पहिली तयारी सुरू होते ती ट्रॅक्टर भरून माणसे नेण्याची आणि घोषणांची. लेखी हरकतीचा विषय निघतो तो शेवटच्या दोन दिवसांत. मग कोणीतरी 'आमचा या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे' असा एक कागद टाइप करतो, त्याच्या दोनशे झेरॉक्स निघतात आणि दोनशे जण सह्या करतात.

या दोनशे कागदांचे पुढे काय होते हे समजून घेतले, तर ते वेगळे का लिहायला हवे होते हेही कळते.

सुनावणीची सारी पद्धत 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत दिलेली आहे. किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची अट नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी होते आणि दोन हजार आली तरी तीच सुनावणी. मुख्य म्हणजे हे मतदान नाही. मंचावर बसलेले अधिकारी खाणीला परवानगी देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. ते फक्त म्हणणे नोंदवून घेतात. ती नोंद, चित्रीकरण आणि लेखी हरकती पुढे राज्याच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे जातात आणि तिच्या शिफारशीवर राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण निर्णय घेते. या समितीतल्या बहुतेकांनी तुमचे गाव कधी पाहिलेले नसते. एका बैठकीत त्यांच्यासमोर अनेक प्रकल्प असतात. मंडपात कोणी गहिवरून बोलले असेल, तर त्याचे इतिवृत्तात 'ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली' एवढे एक वाक्य होते. दोनशे झेरॉक्सची मिळून एक ओळ होते. कंपनीच्या उत्तराच्या रकान्यात 'नियमांचे पालन केले जाईल, पाण्याची फवारणी व वृक्षलागवड केली जाईल' असे लिहिले जाते आणि मुद्दा मिटतो.

म्हणून हरकत लिहिताना एकच कसोटी लावावी: माझ्या वाक्याला 'नियमांचे पालन केले जाईल' हे उत्तर पुरते का? पुरत असेल, तर वाक्य बदलावे.

त्यासाठी आधी कंपनीचा अहवाल वाचावा लागतो. सारांश नव्हे, पूर्ण मसुदा. सारांश मराठीत मिळतो आणि तो गुळगुळीत असतो. आकडे आणि नकाशे मूळ अहवालात असतात आणि तो बहुधा इंग्रजीत असतो. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि ग्रामपंचायत अशा ठिकाणी तो पाहायला ठेवणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीत तो पोहोचलाच नसेल, तर ती गोष्ट तारखेसह लेखी कळवावी. पुढे न्यायाधिकरणापर्यंत जायची वेळ आली, तर हा साधा अर्ज उपयोगी पडतो. गोव्यातल्या रिवण परिसरातील एका खाणीच्या प्रकरणात, उत्कर्ष मंडळाच्या याचिकेवर, दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 साली दोन गोष्टी स्पष्ट केल्या. अहवालाचा सारांश लोकांना सुनावणीच्या पुरेसा आधी मिळाला पाहिजे. आणि लोकांनी घेतलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने खरोखर विचार करून त्या का मान्य किंवा अमान्य केल्या, याची कारणे दिली पाहिजेत. आता हरकतच मोघम असेल, तर समिती कारण तरी कशाचे देणार?

अहवाल वाचताना दुसऱ्या जिल्ह्यातल्या नदीचे नाव, आपल्याकडे न पिकणारे पीक असे काही सापडले, तर पान क्रमांकासह टिपून ठेवावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर उचललेला आढळला होता, तेव्हा ही शक्यता दूरची समजू नये. पण अशा चुकांवर सारी हरकत उभी करू नये. कंपनी 'टंकलेखनातील चूक' म्हणून ती दुरुस्त करते.

खरी ताकद आपल्या गावच्या मोजमापात असते. एक उदाहरण मांडून पाहू. गाव कल्पित आहे, पण पठारावरच्या कुठल्याही तालुक्यात बसेल असे.

समजा, डोंगराचा माथा समुद्रसपाटीपासून 640 मीटरवर आहे आणि खाण 40 मीटर खोल जाणार आहे; म्हणजे खाणीचा तळ 600 मीटरवर. अहवाल म्हणतो, भूजल 595 मीटरवर आहे, खाण त्याच्या पाच मीटर वरच थांबेल, सबब विहिरींना धोका नाही. इथे बहुतेक हरकती 'आमच्या विहिरी आटतील' एवढेच म्हणतात. त्याऐवजी पायथ्याची एक विहीर घ्या. खाणीपासून अंतर 300 मीटर, जमिनीची उंची 606 मीटर. मे महिन्यात पाणी 11 मीटर खाली असते, म्हणजे बरोबर 595 वर. कंपनीचे मोजमाप खोटे नाही. पण ते मार्च ते मे या काळातले आहे. नियमानुसार पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी पुरते, आणि कोरडा हंगाम निवडण्यात कंपनीची सोय असते. तीच विहीर ऑक्टोबरात चार मीटरवर भरलेली असते, म्हणजे पाणी 602 वर. खाणीचा तळ त्याच्या दोन मीटर खाली जातो. वर आणखी एक गोष्ट: डोंगराखालची पाण्याची पातळी पायथ्याच्या विहिरीपेक्षा सहसा वरच असते. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी काळ्या घट्ट पाषाणात थांबत नाही. ते मांजऱ्या खडकात, भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात असते. खाणीने असा सांधा उघडा पाडला, तर विहिरीकडे येणारे पाणी खाणीत पाझरेल आणि पंपाने बाहेर टाकले जाईल.

आता हरकत अशी होते: 'अहवालाच्या पान अमुकवर भूजल पातळी 595 मीटर दाखवली आहे. सोबत जोडलेल्या आठ विहिरींच्या तक्त्यानुसार ऑक्टोबरातील पातळी 602 मीटरपर्यंत येते. खाणीचा तळ 600 मीटर आहे. पावसाळ्यानंतरची पातळी का मोजली नाही? खाणीत येणारे पाणी किती आणि ते कुठे सोडणार? तळ किमान 604 मीटरवर मर्यादित करावा.' याला वृक्षलागवड हे उत्तर होत नाही. तक्त्यात गट नंबर, खाणीपासूनचे अंतर, विहिरीची खोली आणि दोन्ही हंगामांतली पातळी असावी. दोर आणि टेपने मोजलेली चालते, फक्त मोजल्याची तारीख लिहावी. उंची मोबाइलवर पाहू नये, तिच्यात बरीच चूक असते. कंपनीच्याच अहवालातला समतल रेषांचा नकाशा वापरला, म्हणजे वाद उरत नाही.

हे गणित कधी आपल्या विरुद्धही जाते. खाणीचा तळ 620 मीटरवर असता, तर याच विहिरींच्या आधारे घेतलेली हरकत लंगडी पडली असती आणि तिच्यासोबत बाकीच्या मुद्द्यांचे वजनही गेले असते. तेव्हा तो मुद्दा सोडून ओढ्यात वाहून येणारी भुकटी आणि पाझर तलावातला गाळ यांकडे वळावे.

वाहतुकीचा मुद्दाही असाच सोडवून दाखवता येतो. वर्षाला 1,20,000 टन उत्पादन आणि कामाचे 300 दिवस, म्हणजे रोज 400 टन. 16 टनांच्या डंपरने 25 खेपा. भरलेल्या आणि रिकाम्या मिळून 50 फेऱ्या. दहा तासांत दर बारा मिनिटांना एक डंपर, आणि रस्ता जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरून जाणारा. अहवालात या रस्त्याची रुंदी किती लिहिली आहे आणि प्रत्यक्ष किती भरते, ते मोजून फोटोसह द्यावे. धुळीवर फवारणीसाठी रोज दहा हजार लिटर पाणी लागेल असे लिहिलेले असते आणि स्रोत म्हणून 'टँकर'. गावाला एप्रिलमध्ये स्वतःलाच टँकर लागत असेल, तर त्या वर्षीच्या टँकरची नोंद पंचायत समितीतून घेऊन जोडावी आणि हा टँकर कुठून भरणार, एवढेच विचारावे.

सुरुंगाबाबत 'घरांना तडे जातील' या वाक्यापेक्षा खाण सुरक्षा महासंचालनालयाचे 1997 चे परिपत्रक उपयोगी आहे. कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी, कंपनाची वारंवारता सेकंदाला आठपेक्षा कमी असेल, तर जमिनीच्या हादऱ्याची मर्यादा सेकंदाला 5 मि.मी. आहे. वारंवारता वाढते तशी ती 10 आणि 15 पर्यंत सैल होते. कंपनीने कोणती मर्यादा धरली, सर्वांत जवळचे घर कोणते मानले, आणि पहिला सुरुंग उडण्याआधी प्रत्येक घराच्या भिंतींचे फोटो कोण काढणार, हे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आधीचा फोटो नसला, की प्रत्येक तडा जुनाच ठरतो.

एक फट मात्र आधीच तपासावी. पाच हेक्टरपर्यंतच्या एकट्या खाणपट्ट्याला सहसा लोकसुनावणी लागत नाही. त्यामुळे 4.8, 4.9 हेक्टरचे पट्टे शेजारी शेजारी मागितलेले दिसतात. दोन पट्ट्यांच्या हद्दींमधले अंतर 500 मीटरपेक्षा कमी असेल, तर ते एकत्र मोजायचे असतात. अहवालात आजूबाजूच्या चालू खाणी आणि क्रशर दाखवले नसतील, तर त्यांच्या गट नंबरांची यादी ही तुमची पहिली हरकत. धुळीचा आणि डंपरचा हिशेबही मग सगळ्या खाणींचा मिळून मागता येतो.

कागद सुनावणीच्या दिवसापर्यंत थांबवू नये. मंडळाच्या, जाहिरातीत दिलेल्या कार्यालयात दोन प्रती न्याव्यात, एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्यावा, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्यावी. ग्रामसभेचा ठराव जोडावा, पण तो हरकतीच्या जागी नको. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या गटाची, आपल्या विहिरीची वेगळी हरकत दिली, तर दहा कागद त्या दोनशेंवर भारी पडतात. सुनावणीत बोलताना 'माझी आवक क्रमांक अमुकची लेखी हरकत इतिवृत्तात घ्यावी' एवढे वाक्य चित्रीकरणात येऊ द्यावे. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. तोवर मंडप रिकामा झालेला असतो, म्हणून चार जणांनी थांबायचे आणि गाळलेला मुद्दा तिथेच नोंदवून घ्यायचा.

खाण पूर्ण रद्द झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. जास्त वेळा हाती लागतात त्या अटी: खोली कमी, सुरुंगाची वेळ ठरलेली, डंपरचा मार्ग वेगळा, विहिरींची नियमित मोजणी. परवानगी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात 30 दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस, त्यापुढे नाही. म्हणून 'परिवेश' संकेतस्थळावर प्रस्तावाचा क्रमांक टाकून दर आठवड्याला पाहणारे एक माणूस गावाने नेमावे. अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. त्यात तुमच्या आठ विहिरींची पातळी काय लिहिली आहे, हे आपल्या टेपने पडताळता येते.