नोकरीआधीची मेडिकल आणि हळदीचा डीजे

औद्योगिक वसाहतीतल्या तपासणी केंद्रात मी बरीच वर्षे ‘प्री-एम्प्लॉयमेंट मेडिकल’ करतो आहे. प्रेसशॉपसाठी निवड झालेला, आयटीआय केलेला २२ वर्षांचा एक मुलगा एका सोमवारी आला होता. त्याचा रक्तदाब १४८/९४ निघाला. मग ऑडिओमेट्री झाली, म्हणजे बंद खोलीत हेडफोन लावून, वेगवेगळ्या पट्टीचे बारीक आवाज ऐकवून केलेली कानांची तपासणी. साध्या बोलण्याच्या पट्टीत कान चांगले होते, पण ४००० हर्ट्झच्या तीव्र स्वराला दोन्ही कानांना ४५ डेसिबलपर्यंत काही ऐकूच येत नव्हते. २५ डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकू आला, तर कान ठीक समजतात. कागदावर हा मुलगा ‘अनफिट’ होता.

मी विचारले, “अरे, काल रात्री कुठे होतास?”

“सर, चुलतभावाची हळद होती. डीजेपुढेच होतो पहाटेपर्यंत.”

मोठ्या आवाजानंतर कान काही काळ मंदावतात. ही तात्पुरती बधिरता सर्वांत आधी ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते आणि नेमक्या त्याच जागी कारखान्यातल्या आवाजाने होणारी कायमची इजाही दिसते. एकाच आलेखावरून या दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून मी शेरा न लिहिता त्याला गुरुवारी बोलावले. तोवर इअरफोन बंद, गाणी बंद. गुरुवारी तोच आकडा दोन्ही कानांत २० वर आला. रक्तदाबाचे कोडे तर सोमवारीच सुटले होते. तो बसथांब्यापासून धावत आला होता आणि दारात तंबाखू थुंकून आत शिरला होता. अर्धा तास शांत बसवून, लघवीला पाठवून पुन्हा मोजला तेव्हा रक्तदाब १२६/८२ भरला. मुलगा फिट होता. दुसऱ्यांदा मोजायला कोणी थांबले नसते, तर ती नोकरी गेली असती.

या तपासणीत माणूस एकंदर किती निरोगी आहे हे पाहायचे नसते. हा माणूस हे ठरावीक काम स्वतःला आणि शेजाऱ्याला इजा न होता करू शकेल का, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते. म्हणून मालकाने आधी काम कागदावर मांडायला हवे: आवाज किती, वजन किती उचलायचे, उंचीवर चढायचे का, रसायने कोणती, रात्रपाळी आहे का. प्रेसशॉपमध्ये आवाज मोठा, म्हणून कान तपासायचे. धूळ किंवा वाफा असतील, तर नळीत जोराने फुंकायला लावून फुप्फुसांची क्षमता मोजायची. वायरमनला लाल आणि हिरवी वायर ओळखता आली पाहिजे, म्हणून त्याला रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावणे योग्यच आहे. पॅकिंगमध्ये खोकी बंद करणाऱ्या मुलाला मात्र त्याच तपासणीवरून घरी पाठवले, तर तो अन्याय आहे, आणि असे होताना मी पाहिले आहे. फिट येणाऱ्या मुलाला शिडीवर चढवायचे नाही किंवा फोर्कलिफ्टवर बसवायचे नाही, हे बरोबर आहे. पण झटके औषधांनी आटोक्यात असतील, तर स्टोअरमध्ये हिशेब ठेवायला त्याला काय अडचण? अशा वेळी ‘अनफिट’ न लिहिता ‘उंचीवरचे काम सोडून फिट’ असा शेरा देता येतो. मालकांनी तो मागावा आणि डॉक्टरांनी तो लिहायला कचरू नये.

काही गोष्टी मालकाने विचारायच्याच नाहीत. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. त्याच्या वीस वर्षे आधी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने असाच विचार मांडला होता. माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून दूर ठेवता येणार नाही, असा तो निकाल होता. बायकांच्या बाबतीत नीरा माथूर यांचा खटला ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये मासिक पाळीची तारीख आणि गरोदरपणाची माहिती विचारलेली होती. त्यांनी दिलेली माहिती खोटी ठरवून त्यांना काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि असे प्रश्न फॉर्ममधून काढायला सांगितले. तरीही असे रकाने अजून अधूनमधून माझ्या टेबलावर येतात. मी ते कोरे ठेवतो. गरोदर असाल तर एक्स-रे काढण्याआधी तंत्रज्ञाला मात्र जरूर सांगा. ते तुमच्या बाळासाठी आहे, मालकासाठी नाही.

डॉक्टरने मालकाला काय कळवावे, याचीही हद्द आहे. फिट, अटींसह फिट, तात्पुरता अनफिट की अनफिट, एवढे मनुष्यबळ विभागाला पुरे. साखरेचा आकडा किंवा जुन्या ऑपरेशनची हकीकत तिथे जायचे कारण नाही. सही करण्याआधी संमतीचा कागद वाचा आणि ‘सर्व अहवाल कंपनीला द्यावेत’ असे त्यात असेल, तर का ते विचारा.

तयारी म्हणाल तर कानांना आदल्या दिवसापासून विश्रांती द्या. निदान १४-१६ तास तरी मोठा आवाज, इअरफोन आणि डीजे टाळा. कानात मळ असेल, तर काडी घालून टोकरू नका, चार दिवस आधी डॉक्टरकडून काढून घ्या. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल, तर ८ ते १० तास पाण्याखेरीज काही घेऊ नका. रक्तदाबाची रोजची गोळी मात्र चुकवू नका. ‘गोळी घेतली तर आजार कळेल’ म्हणून ती न घेता आलेली माणसे १७० चा आकडा दाखवतात आणि स्वतःचेच नुकसान करून घेतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटी कसे घ्यायचे, ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. आदल्या दिवशी खूप धावलात किंवा व्यायाम केलात, तर लघवीत प्रथिने दिसू शकतात. पाळी सुरू असेल, तर लघवीची तपासणी पुढे ढकलून मागा. चष्मा आणि जुनी औषधचिठ्ठी बरोबर आणा.

फॉर्ममध्ये कामाशी संबंध असलेला आजार विचारला असेल, तर तो लपवू नका. झटक्यांचा आजार लपवून प्रेसवर उभा राहिलेल्या माणसाचा हात जातो. आणि लपवल्याचे उघड झाले, की नोकरी टिकवणे अवघड होते.

आता त्या मुलाकडे परत येतो. प्रेसशॉपमध्ये आठ तासांची मर्यादा ९० डेसिबलची आहे. त्याच्या जवळपासच्या आवाजात तो पुढची कित्येक वर्षे काढणार. गुरुवारचा आलेख हा त्याच्या कानांचा पहिल्या दिवसाचा पुरावा आहे. आवाजामुळे येणारे बहिरेपण नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे. पुढे कधी दावा करायची वेळ आली, तर ‘हा आधीपासूनच असा होता’ या म्हणण्याला हाच कागद उत्तर देईल. सोमवारचा ४५ चा आलेख तसाच फायलीत राहिला असता, तर तोच त्याच्याविरुद्ध गेला असता. म्हणून तपासणी झाली, की ऑडिओमेट्रीची आणि फिटनेस दाखल्याची प्रत तिथेच मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. न मागता ती सहसा कोणी देत नाही.