भरून आलेलं विवरणपत्र तपासायचं कसं?

आयकर विभागाच्या incometax.gov.in या संकेतस्थळावर पॅन क्रमांक टाकून लॉगिन केलं की पगारदाराचं विवरणपत्र बरंचसं भरूनच समोर येतं. पगार, कापलेला टीडीएस, बँक खातं, मुदत ठेवीवरचं व्याज ही माहिती कंपनी आणि बँकांनी विभागाला आधीच कळवलेली असते. त्यांनी जे कळवलं नाही, ते मात्र तिथे दिसत नाही. ते भरायची जबाबदारी आपलीच.

एक उदाहरण घेऊ. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एकाचा पगार १२,७५,००० रुपये होता. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की उरतात बरोबर १२ लाख. तेवढ्या उत्पन्नावर पूर्ण सूट मिळते, म्हणून फॉर्म १६ मध्ये कर शून्य. पण त्याला बँकेतल्या ठेवीवर २४,००० आणि पतसंस्थेतल्या ठेवीवर १२,००० रुपये व्याज मिळालं आहे. बँकेचं व्याज वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत असल्याने त्यावर टीडीएस कापला गेला नाही. विवरणपत्रात बँकेचा आकडा आला, पतसंस्थेचा आलाच नाही.

एकूण उत्पन्न झालं १२,३६,०००. बारा लाखांची मर्यादा ओलांडताच पूर्ण सूट जाते आणि नेहमीच्या दरांनी ६५,४०० रुपये कर निघतो. मात्र कर वरच्या रकमेपेक्षा जास्त नसावा, अशी सवलत कायद्यात आहे. त्यामुळे ३६,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३७,४४० रुपये भरावे लागतात. शिवाय आगाऊ कर भरला नाही म्हणून थोडं व्याजही लागतं.

म्हणून विवरणपत्र उघडण्याआधी त्याच संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावं. एका बाजूला ते आणि फॉर्म १६, दुसऱ्या बाजूला प्रत्येक बँकेचं व्याज प्रमाणपत्र आणि पासबुक ठेवून आकडे जुळवावेत. राहिलेलं व्याज ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ या रकान्यात आपल्या हाताने घालावं. एआयएसमधली एखादी नोंद चुकीची किंवा दोनदा आलेली दिसली, तर तिथेच तसं नोंदवता येतं. निघालेला कर ऑनलाइन भरावा आणि मगच विवरणपत्र सादर करावं.

इथे पुष्कळजण थांबतात. सादर केलेलं विवरणपत्र पडताळणीशिवाय वैध ठरत नाही. ‘e-Verify’ निवडून आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की पडताळणी होते. मोबाइल आधारशी जोडलेला नसेल, तर नेट बँकिंगने किंवा आधी प्रमाणित केलेल्या बँक खात्याच्या कोडने ती करता येते. यासाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर पडताळणी केली, तर तीच सादर केल्याची तारीख धरतात; तोवर मुदत उलटली असेल तर या उदाहरणातल्या पगारदाराला ५,००० रुपये विलंब शुल्क पडेल. म्हणून सादर केलेल्या विवरणपत्रांच्या यादीत पडताळणी झाल्याची नोंद दिसेपर्यंत काम संपलं असं समजू नये.