एकवीस आकड्यांतले पाच

आयईएल्टीएसच्या ॲकॅडेमिक लेखन परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा आलेखाचा असतो. साधारण वीस मिनिटांत किमान दीडशे शब्द लिहायचे असतात. हुशार मुलं इथेच घसरतात, आणि तेही इंग्रजी चांगलं असून. आलेखात दिसेल तो प्रत्येक आकडा वहीखात्यासारखा उतरवून काढायचा, ही त्यांची सवय.

सरावासाठी एक काल्पनिक आलेख घेऊ. एका शहरातले लोक कामावर कसे जातात, याच्या तीन रेषा: बस, मोटार आणि सायकल. १९९० ते २०२० या काळात दर पाच वर्षांनी एक नोंद, म्हणजे एकूण एकवीस आकडे. बस ६० टक्क्यांवरून ३५ वर आली, मोटार २० वरून ५० वर गेली, सायकल १० च्या आसपासच रेंगाळली. २०१० मध्ये बस आणि मोटार दोन्ही ४० वर होत्या.

आता आकडे हाताने झाका आणि नुसत्या रेषा बघा. एक उतरते, एक चढते, मध्ये त्या एकमेकींना छेदतात आणि तिसरी जवळपास आडवी जाते. एवढंच दोन वाक्यांत, एकही आकडा न घालता लिहायचं. परीक्षेच्या भाषेत याला ‘ओव्हरव्ह्यू’ म्हणतात. गुणांच्या निकषांत त्याला स्पष्ट स्थान आहे. तो नसेल आणि तपशील यांत्रिकपणे मांडलेला असेल, तर आशयाच्या निकषावर उत्तर पाचव्या बँडच्या आसपास अडकतं, मग व्याकरण कितीही निर्दोष असो.

आकडे त्यानंतर येतात, पण साक्षीदार म्हणून. बस आणि मोटारीची सुरुवात आणि शेवट, शिवाय रेषा छेदल्या तिथले ४० टक्के, असे पाच आकडे पुरे. सायकलीला ‘दहाच्या आसपास’ म्हटलं की झालं. १९९५ चा आकडा गाळला म्हणून गुण कापत नाहीत. उलट तो सांगण्यात शब्द गेले, तर बस-मोटारीची तुलना करायला जागा उरत नाही, आणि परीक्षकाला ती तुलनाच हवी असते.

दोन खड्डे मात्र सांभाळा. ‘पेट्रोल स्वस्त झालं म्हणून मोटारी वाढल्या’ असं लिहू नका. आलेखात कारण दिलेलं नाही. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. हे टक्के आहेत, माणसं नव्हेत. शहराची वस्ती दुप्पट झाली असेल, तर ३५ टक्क्यांतही बसने जाणारे पूर्वीपेक्षा जास्त असू शकतात. म्हणून ‘बसचे प्रवासी घटले’ हे वाक्य चूक, ‘बसचा वाटा घटला’ हे बरोबर. उभ्या अक्षावर काय लिहिलंय, ते पेन उचलण्याआधी वाचा.