चुकीच्या दराने कापलेला टीडीएस आणि दुरुस्त प्रमाणपत्रासाठी ईमेल

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यावसायिकाचे बिल चुकते करताना कंपनी त्यातून उगमस्थानी करकपात, म्हणजेच टीडीएस, करते. ही रक्कम व्यावसायिकाच्या पॅनवर सरकारकडे जमा होते आणि आयकर कायदा १९६१ खालील कपातीचा पुरावा म्हणून कंपनी त्याला फॉर्म १६ए हे प्रमाणपत्र देते. कपात चुकीच्या दराने झाली, तर ते प्रमाणपत्र दुरुस्त करून मागावे लागते.

अंतर्गत सजावटकाराचे उदाहरण घेऊ. जुलै २०२४ मध्ये त्याने एका कंपनीला ८०,००० रुपयांचे बिल दिले. बिलावर पॅन छापलेला होता. अंतर्गत सजावट ही आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४जे खालील व्यावसायिक सेवा असल्याने १० टक्के, म्हणजे ८,००० रुपये कापायला हवे होते. मात्र लेखा विभागाने पॅनची नोंद वेळेवर केली नाही. पॅन नसल्यास त्या कायद्याच्या कलम २०६एए नुसार २० टक्के कपात होत असे. त्यामुळे १६,००० रुपये कापले गेले आणि सजावटकाराच्या हाती ६४,००० रुपये आले. तिमाही विवरणपत्र भरताना पॅन नोंदवला गेला, पण कापलेली रक्कम तीच राहिली. नोव्हेंबरमध्ये मिळालेल्या १६ए वरही १६,००० हाच आकडा होता.

ईमेल लिहिण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फॉर्म १६ए कंपनी हाताने तयार करत नाही. कंपनीने भरलेल्या २६क्यू या तिमाही विवरणपत्रातील नोंदींवरून तो आयकर विभागाच्या ट्रेसेस या संकेतस्थळावर तयार होतो. म्हणून नुसते ‘प्रमाणपत्र बदलून द्या’ असे लिहून भागत नाही. आधी दुरुस्ती विवरणपत्र भरले जावे लागते. त्यावर प्रक्रिया झाली की नवे प्रमाणपत्र उतरवून घेता येते.

शिवाय प्रमाणपत्रात प्रत्यक्ष कापलेलीच रक्कम दिसली पाहिजे. जादा ८,००० रुपये परत न करता कंपनीने कागदावर ८,००० ची कपात दाखवली, तर सजावटकाराचे पैसेही जातात आणि त्यांची करातील वजावटही जाते. त्यामुळे पैसे परत करणे आणि नोंद दुरुस्त करणे, या दोन्ही मागण्या एकाच ईमेलमध्ये हव्यात. कंपनीचेही यात नुकसान नाही. नोंद ८,००० वर आणल्यावर चलनात जी रक्कम शिल्लक राहते, ती तिला टीडीएसच्या दुसऱ्या देण्यासाठी वापरता येते.

ईमेलचा विषय ‘जुलै ते सप्टेंबर २०२४ तिमाही: फॉर्म १६ए दुरुस्तीबाबत’ असा नेमका असावा. मजकूर साधारण असा:

नमस्कार,

माझ्या जुलै २०२४ च्या ८०,००० रुपयांच्या बिलातून आपण २० टक्के दराने १६,००० रुपये टीडीएस कापला आहे. बिलावर माझा पॅन नमूद होता, त्यामुळे कलम १९४जे नुसार १० टक्के, म्हणजे ८,००० रुपये कपात अपेक्षित होती. कृपया जादा कापलेले ८,००० रुपये माझ्या बँक खात्यात जमा करावेत, २६क्यू चे दुरुस्ती विवरणपत्र भरावे आणि त्यानंतर नवा फॉर्म १६ए पाठवावा. बिल, ते आपल्याला पाठवल्याचा ईमेल आणि सध्याचा फॉर्म १६ए सोबत जोडला आहे. दुरुस्ती कधीपर्यंत होईल, ते कळवावे.

सोबतच्या कागदांत बिल पाठवल्याचा ईमेल सर्वांत महत्त्वाचा. पैसे देण्यापूर्वीच कंपनीला पॅन कळला होता, हे त्यावरून सिद्ध होते आणि कमी दराने कपात दाखवण्यास तिच्याकडे आधार राहतो.

दुरुस्ती झाली की नाही, हे फॉर्म २६एएस मध्ये पाहावे. तिथे त्या बिलासमोर ८,००० रुपये कपात आणि नोंदीची स्थिती ‘F’, म्हणजे अंतिम, दिसायला हवी. नव्या १६ए मधला आकडाही त्याच्याशी जुळला पाहिजे.

हा पत्रव्यवहार आयकर विवरणपत्र भरण्यापूर्वी करावा. विवरणपत्रात १६,००० रुपयांची वजावट घेतल्यावर कंपनीने नोंद ८,००० वर आणली, तर दोन्ही आकडे जुळत नाहीत आणि विभागाची सूचना येते. कंपनीने दुरुस्तीस नकार दिला, तरी रक्कम बुडत नाही. १६,००० रुपये सजावटकाराच्याच पॅनवर जमा असल्याने विवरणपत्रात पूर्ण वजावट मागता येते. वर्षाच्या एकूण करापेक्षा जास्त भरणा झाला असेल, तर फरक परतावा म्हणून मिळतो. फक्त तोवर पैसे अडकून राहतात.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे ईमेलमध्ये कलम लिहिताना बिल कोणत्या आर्थिक वर्षातले आहे, हे आधी पाहावे.