‘hrk bfce’ला काय उत्तर द्यावं?

समजा, पीक विम्याची माहिती देणारी एक चॅटसेवा आहे. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात छोटी चौकट, तिच्यात प्रश्न टाइप करायचा आणि उत्तर मिळवायचं. एके दिवशी त्या चौकटीत hrk bfce एवढाच मजकूर येतो. आपल्याला वाटेल, पोरानं की-बोर्डवर हात आपटला असेल किंवा खिशातल्या फोनची बटणं दाबली गेली असतील. सेवा बनवणाऱ्यालाही तसंच वाटतं आणि तो एक ठरलेलं वाक्य लिहून ठेवतो : ‘क्षमस्व, आपली विनंती समजली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

आता ही अक्षरं जरा जवळून पाहू. सरकारी मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट नावाची की-बोर्डरचना वापरतात. तिच्यात h या बटणावर प आहे, r वर दुसरी वेलांटी आणि k वर क. झाला ‘पीक’. पुढे b वर व, f वर पहिली वेलांटी, c वर म आणि e वर काना. झाला ‘विमा’. टाइप करणाऱ्यानं एकही चूक केलेली नाही. संगणक इंग्रजीवर राहिला होता आणि त्याची नजर पडद्याऐवजी समोरच्या कागदावर होती, एवढंच. सेतू केंद्रात रोज शेकडो अर्ज भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे सहज घडतं.

म्हणून चॅटसेवा बनवणाऱ्यांसाठी पहिला नियम असा, की ‘निरर्थक’ हा शिक्का सगळ्यात शेवटी मारावा. त्याआधी त्या मजकुराची सगळी शक्य वाचनं करून पाहावीत. मराठी वापरणाऱ्यांसाठी ती निदान चार आहेत : सरळ इंग्रजी, रोमन लिपीतलं मराठी, इनस्क्रिप्टची बटणं आणि कृतिदेवसारखे जुने फॉन्ट. कृतिदेवची गंमत अशी, की तिथे साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. जुन्या फाइलमधून ‘पीक विमा’ उचलून चॅटमध्ये चिकटवला, की फॉन्टचा मुखवटा गळून पडतो आणि ihd foek उरतं. कार्यालयांत अशा फाइलींचे ढीग आहेत.

चार वाचनांतून निवड कशी करायची? प्रत्येक भाषेत कोणतं अक्षर कोणाच्या शेजारी बसतं, याचे अंदाज बांधता येतात. मराठीत शब्दाच्या सुरुवातीला ळ येत नाही, वेलांटी तर मुळीच येत नाही. भरपूर मराठी मजकुरातून अशा जोड्या मोजून ठेवल्या, की कोणत्याही नव्या ओळीला गुण देता येतात. hrk bfce इंग्रजी म्हणून वाचलं, तर hrk मध्ये स्वरच नाही. रोमन मराठी म्हणून वाचलं, तरी तीच अडचण. कृतिदेव समजून उलगडलं, तर ‘ीता इबिम’ असं काहीतरी निघतं, म्हणजे शब्द वेलांटीनंच सुरू होतो. इनस्क्रिप्टनं मात्र दोन स्वच्छ शब्द मिळतात आणि दोन्ही या सेवेच्या कामाचे आहेत. एवढा फरक पुरे. उलट ihd foek इनस्क्रिप्टनं वाचायला जा, दुसरा शब्द पहिल्या वेलांटीनं सुरू होतो आणि ते वाचन आपोआप बाद होतं. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, इनस्क्रिप्टमध्ये नंतर. उलगडणाऱ्यानं हा क्रम सांभाळला नाही, तर ‘विमा’चा ‘िवमा’ होतो.

हे यंत्र आखूड मजकुरावर मात्र घसरतं. कुणी kay एवढंच लिहिलं, तर इनस्क्रिप्टनं ‘कोब’ निघतो. त्याला मोड काढण्यापूर्वी ते सरळ ‘काय’ आहे, हे ओळखायला हवं. तेव्हा रोमन मराठी नीट लागत असेल, तर पुढची वाचनं करूच नयेत. तीन-चार अक्षरांच्या मजकुरावर तर नुसत्या गुणांच्या भरवशावर काहीच ठरवू नये.

आखूड मजकुराचा अर्थ त्याच्या आधीच्या वाक्यात दडलेला असतो. सेवेनं ‘अर्ज पुढे पाठवू का?’ असं विचारलं आणि उत्तर आलं k, तर तो होकार आहे. तेच k संवादाच्या सुरुवातीला आलं, तर तो बहुधा बोटाचा चुकार स्पर्श. नुसतं टिंब किंवा नुसतं प्रश्नचिन्ह आलं, तर माणूस बहुतेक वेळा पलीकडे कुणी आहे का, हे चाचपत असतो. त्याला ‘हो, विचारा’ एवढंच पुरे. तरुण मंडळी आनंदानं ‘होोोो’ लिहितात. एकावर एक काने-मात्रे चढवणं शुद्धलेखनात बसत नाही, काही फोनवर त्याजागी ठिपक्यांची वर्तुळंही उमटतात. पण ‘लागोपाठ दोन स्वरचिन्हं आली की मजकूर बाद’ असा नियम करणाऱ्यानं या मराठीतला सगळ्यात जोरकस होकार फेकून दिला.

सेवा कशाची आहे, यावरही बरंच ठरतं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं ७/१२ लिहिलं, तर तो अपूर्णांक नाही आणि सात डिसेंबरही नाही. गाव नमुना सात आणि बारा, म्हणजे त्याच्या जमिनीचा उतारा. ‘८अ’ हाही तसाच खातेउतारा. सर्वसाधारण मजकुरावर तयार केलेली चाळणी या दोन्हींना हमखास अडवते. आपल्या क्षेत्रातल्या अशा खुणांची यादी आधी करावी आणि ती चाळणीच्या वर ठेवावी, हे काम कंटाळवाणं आहे खरं. पण टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्या एखाद्या तलाठ्याला विचारलं, तर तासाभरात ती यादी होते.

आता दुसरी बाजू. अर्थ शोधण्याचा उत्साह वाढला, की नसलेला अर्थ सापडू लागतो. १९६६ साली एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ या संवाद करणाऱ्या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. ओळखीचा शब्द सापडला नाही, की एलायझा ‘पुढे बोला’ अशा थाटाचं एखादं ठरलेलं वाक्य टाकून वेळ मारून नेत असे. समोरच्याला वाटे, हिला कळलंय. आजची भाषा-प्रारूपं यापेक्षा फार पुढची आहेत, पण त्यांची जडणघडण आलेल्या मजकुरापुढे शोभेलसा मजकूर लिहिण्याची आहे. गप्प बसणं त्यांना मुद्दाम शिकवावं लागतं. HRK हा क्रोएशियाच्या कुना या जुन्या चलनाचा संक्षेप होता. २०२३च्या पहिल्या दिवशी तो देश युरोवर गेला. आपल्या hrk bfceला एखादं प्रारूप परकीय चलनावर चार सुबक परिच्छेद देऊ शकतं आणि विम्याची चौकशी करणारा माणूस ते वाचून चक्रावतो. ‘समजलं नाही’ यापेक्षा हे वाईट, कारण सेवेला आपण चुकलो हे कळतच नाही. तिच्या नोंदीत हा संवाद यशस्वी म्हणून जमा होतो.

यावर उपाय साधा आहे : अर्थ लागला तरी त्यावर कृती करू नये, आधी विचारावं. ‘तुम्हाला पीक विम्याबद्दल विचारायचं आहे का?’ आणि खाली दोन बटणं, हो आणि नाही. माणसानं ‘हो’ दाबलं, की जमल्यास एक ओळ जोडावी : ‘तुमचा की-बोर्ड इंग्रजीवर असावा, एकदा पाहा.’ चूक दाखवल्याचा सूर नको. ‘नाही’ आलं, तर दुसऱ्यांदा अंदाज बांधू नये. सेवेत होणारी तीन-चार कामं बटणांच्या रूपात समोर ठेवावीत. तिसऱ्यांदाही मजकूर लागला नाही, तर थांबावं आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक किंवा माणसाशी बोलण्याची सोय द्यावी. तेच ‘क्षमस्व’ तीनदा ऐकवणारी सेवा बंद असलेली बरी.

विनोद तर अजिबात करू नये. ‘अरेच्चा, मांजर की-बोर्डवर बसलं वाटतं!’ अशी वाक्यं लिहिण्याचा मोह बनवणाऱ्यांना फार होतो. पण तुटक अक्षरं पाठवणाऱ्याचे हात थरथरत असतील, पक्षाघातानंतर त्याचे शब्द जुळत नसतील, किंवा तो पहिल्यांदाच मराठीत टाइप करत असेल. चौकटीच्या अलीकडून यातलं काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पूर्णपणे निरर्थक दिसणारा मजकूर अनेकदा अत्यंत अर्थपूर्ण असतो, फक्त तो आपल्यासाठी नसतो. चुकीच्या चौकटीत टाइप झालेला पासवर्ड हा दिसायला कचराच. सहा आकडे म्हणजे ओटीपी असू शकतो. बारा आकडे आधारचे असू शकतात, आणि तिथे खात्री करायला थोडा आधारही आहे, कारण शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरलेला असतो. पाच अक्षरं, चार आकडे, पुन्हा एक अक्षर अशी रचना पॅनची. म्हणून न लागलेला मजकूर उत्तरात जसाच्या तसा परत छापू नये. ‘तुम्ही अमुक लिहिलंत, ते समजलं नाही’ हे वाक्य सभ्य दिसतं, पण त्यात एखाद्याचा पासवर्ड पडद्यावर दुसऱ्यांदा झळकतो. नोंदवहीतही असा मजकूर झाकून किंवा थोड्या मुदतीपुरताच ठेवावा.

आता शेवटचा हिशेब, चाळणी किती कडक ठेवायची. चुका दोन प्रकारच्या होतात : अर्थाला कचरा म्हणणं आणि कचऱ्याला अर्थ चिकटवणं. एक कमी केली, की दुसरी वाढते. गप्पांच्या करमणुकीच्या ॲपमध्ये कुठलीही झाली तरी फारसं बिघडत नाही. पीक विम्यात बिघडतं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत देण्याची अट राहिली आहे. त्या तीन दिवसांत ज्याला ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणून परत पाठवलं, त्याचं नुकसान एका चुकलेल्या प्रश्नापुरतं राहत नाही. अशा सेवेत चाळणी सैलच हवी आणि विचारून घेण्याची सवय पक्की.

चाळणी नीट बसली की नाही, हे पाहायला मोठी यंत्रणा लागत नाही. ‘समजलं नाही’ म्हणून परत गेलेल्या एका आठवड्याच्या मजकुरातून आकडे आणि खासगी तपशील झाकून दोनशे ओळी काढाव्यात आणि हातानं वाचाव्यात. वाचायला मात्र इनस्क्रिप्ट आणि कृतिदेव या दोन्हींवर हात बसलेला टायपिस्ट बसवावा. इंग्रजी की-बोर्डवर वाढलेल्या इंजिनिअरला त्यातल्या कित्येक ओळी कचराच दिसणार.