400 चा शेअर 20 ला मिळतोय, घेऊ का मामा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना काही आकडे घाईत निघून गेले होते, ते इथे नीट मांडतो.

माझा भाचा खुलताबादला असतो. दाजींचं भद्रा मारुतीजवळ नारळ-फुलांचं दुकान आहे. श्रावणी शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि पोरगं सकाळपासून दुकानावर असतं. 2024 च्या श्रावणातली मजुरी म्हणून दाजींनी त्याला सहा हजार रुपये दिले. नववीतल्या पोराच्या हातात सहा हजार म्हणजे मोबाईलचे व्हिडिओ बघणं सुरू. ताईने मला फोन केला, "तू तरी समजाव, हा शेअर घ्यायचं म्हणतोय."

मी म्हटलं, घेऊ दे ना. पण त्याच्या नावावर आणि दाजींच्या सहीने.

आता हे कसं होतं ते सांगतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या नावाने म्युच्युअल फंडात खातं उघडता येतं. खातेदार तो एकटाच, जोडीला दुसरं नाव लागत नाही. आई किंवा वडील पालक म्हणून सही करतात. पालकाचं पॅन आणि केवायसी लागतं, मुलाचा जन्मदाखला लागतो आणि मुलाचं बँक खातं लागतं. पैसे मुलाच्या खात्यातून भरा किंवा पालकाच्या, दोन्ही चालतं. पण पैसे काढले की ते मुलाच्याच बँक खात्यात येतात. ही गोष्ट मला फार आवडते. घरात अडचण आली म्हणून कोणी ते पैसे फंडातून थेट दुसऱ्या खात्यात वळवू शकत नाही आणि पोरालाही कळतं की हे खरंच आपले आहेत.

मुलाच्या नावाने डिमॅट खातंही निघतं. पण त्यात इंट्राडे चालत नाही, फ्युचर्स-ऑप्शन्स चालत नाहीत. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. निफ्टी 50 चा एक साधा इंडेक्स फंड घेतला आणि महिन्याला 500 रुपयांची एसआयपी लावली. सहा हजार म्हणजे बरोबर बारा हप्ते. पहिला हप्ता ऑक्टोबर 2024 ला गेला.

मुहूर्त बघा कसा. सप्टेंबर 2024 च्या शेवटी निफ्टी 26,200 च्या वर होता आणि तिथून तो उतरायला लागला. मार्च 2025 सुरू झाला तेव्हा 22,100 च्या आसपास. पाच हप्ते, म्हणजे अडीच हजार रुपये गेले होते आणि ॲपवर दिसत होते साधारण 2,275. भाच्याचा मेसेज आला, "मामा, सव्वादोनशे गेले. बंद करू का?"

खरं सांगू, मला बरं वाटलं. पाच महिने नुसता हिरवा आकडा बघितला असता तर पोरगं काहीच शिकलं नसतं. मी म्हटलं, बंद करायचं का ते आज ठरवू नको. आधी वही घे आणि 2020 चं गणित कर.

ते गणित तुम्हीही करून बघा. जानेवारी 2020 पासून दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी 500 रुपये टाकले असं समजायचं. जानेवारीअखेर निफ्टी होता 11,962. फेब्रुवारीअखेर 11,202. मग कोरोना आला, आणि 23 मार्चला एका दिवसात बाजार जवळपास 13 टक्के पडला. मार्चअखेर निफ्टी 8,598. तीन हप्ते, दीड हजार रुपये, आणि त्याचे झाले होते साधारण 1,240. इथे बहुतेक लोक घाबरून थांबतात.

थांबला नाही त्याचं काय झालं? ऑक्टोबरअखेर निफ्टी 11,642 वर आला. म्हणजे जानेवारीच्या आकड्यापेक्षा अजून खालीच. पण दहा हप्त्यांचे पाच हजार झाले होते साधारण साडेपाच हजार. (फंडाचा खर्च आणि लाभांश मी धरलेला नाही.)

भाच्याने हे तीनदा तपासलं. "मामा, बाजार खाली आहे अन् पैसे वर कसे?" उत्तर त्याच्याच वहीत होतं. जानेवारीत 500 रुपयांत जेवढे युनिट मिळाले, त्याच 500 रुपयांत मार्चअखेर त्याच्या जवळपास 40 टक्के जास्त मिळाले. पडत्या महिन्यांत घेतलेले ते जास्तीचे युनिट नंतर कामाला आले. त्याने एसआयपी चालू ठेवली.

इथपर्यंत सगळं छान. पण हा धडा अर्धाच शिकला तर तो धोकादायक आहे, आणि तेच झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा भेटला तो नवी कल्पना घेऊनच. "मामा, येस बँकेचा शेअर 400 ला होता, आता 20 ला मिळतोय. पडलं की जास्त घ्यायचं ना? मग हा तर केवढा पडलाय!"

बघा, माझ्याच शिकवणीतून काढलेला प्रश्न. आणि चुकीचा म्हणून उडवून लावावा असा मुळीच नाही.

मी त्याला पुन्हा वही काढायला लावली. ऑगस्ट 2018 मध्ये येस बँक 400 च्या आसपास होता. समजा एकाने तेव्हा 2,000 रुपयांचे पाच शेअर घेतले. काही आठवड्यांतच भाव 200 वर आला, त्याने 2,000 चे दहा घेतले. 2019 मध्ये 100 झाला, वीस घेतले. त्याच वर्षी 50 झाला, चाळीस घेतले. दरवेळी "स्वस्त झालाय" म्हणून. एकूण 8,000 रुपये, 75 शेअर. मग 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध आणले, खातेदारांना 50,000 च्या वर काढता येईना, आणि दुसऱ्या दिवशी शेअर कोसळून 20 च्याही खाली गेला. 20 चाच भाव धरला तरी 75 शेअरचे होतात 1,500. आठ हजारांचे दीड हजार. दोन्ही माणसांनी पडत्या भावात खरेदी केली, एकाला फळ मिळालं आणि दुसरा बुडाला.

"पण परत 400 होईल ना कधीतरी?" भाच्याने विचारलं.

इथे भाव बघून चालत नाही, शेअर किती आहेत ते बघावं लागतं. बँक वाचवण्यासाठी 2020 मध्ये नवीन शेअर काढून पैसा उभा केला गेला. आधी स्टेट बँक आणि इतर बँकांनी पैसे घातले, मग जुलैमध्ये 12 रुपयांना एक शेअर अशी विक्री झाली. त्या एका वर्षात शेअरची संख्या साधारण दहापट झाली. मी भाच्याला म्हटलं, एका पिझ्झाचे आठ तुकडे होते, आता ऐंशी केलेत. तुझ्या हातातल्या तुकड्याला जुनी किंमत यायची तर पिझ्झाच दहापट मोठा व्हायला पाहिजे. आता 400 चा भाव म्हणजे आख्ख्या बँकेची किंमत 10 लाख कोटींच्या वर. 400 भाव असताना ती एक लाख कोटीसुद्धा नव्हती. बँक पुढे नीट चालली तरी तो जुना आकडा नव्या शेअरला लागू पडत नाही. तेव्हा 20 रुपये हा "स्वस्त" नाही, तो फक्त छोटा आकडा आहे.

मग निफ्टी का सावरला? मजा म्हणजे येस बँक तेव्हा निफ्टी 50 मध्येच होता. इंडेक्स फंडवाल्यांच्या पैशातही त्याचा बारीक वाटा होता. पण तो पन्नासातला एक, आणि जसजसा पडला तसा त्याचा वाटा आपोआप आटत गेला. मार्च 2020 मध्ये त्याला निफ्टीतून काढून श्री सिमेंटला घेतलं. निर्देशांकात आजारी कंपनी बाहेर जाते, दुसरी येते. एकट्या शेअरला अशी बदली खेळाडूची सोय नसते.

आमच्याकडे हे अद्रकीवरून लगेच कळतं. खुलताबाद तालुक्यात अद्रक भरपूर. 2023 मध्ये भाव चढले तसं बघून अनेकांनी लागवड वाढवली, पुढे भाव उतरले. ज्याने सगळ्या रानात अद्रकच लावली त्याचं वर्ष गेलं. ज्याच्याकडे मका, कपाशी आणि थोडी अद्रक होती, त्यालाही झळ लागली, पण घर चाललं. भाच्याच्या मित्राच्या घरी हेच झालेलं, त्यामुळे मला जास्त बोलावं लागलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर वाटेल की इंडेक्स फंड म्हणजे सात-आठ महिन्यांत पैसे परत. 2020 ला तसं झालं, दरवेळी होत नाही. जानेवारी 2008 मध्ये निफ्टी 6,280 च्या वर होता. मग पडला. ती पातळी नोव्हेंबर 2010 मध्ये एकदा दिसली आणि पुन्हा गेली. तिथून खऱ्या अर्थाने वर सरकायला 2014 उजाडलं. म्हणजे सहा वर्षं. नववीत एकरकमी टाकलेले पैसे कॉलेज संपेपर्यंत जागच्या जागी, असंही होऊ शकतं.

म्हणून ताईला मी एक गोष्ट निक्षून सांगितली. दहावीनंतर संभाजीनगरला क्लास लावायचा असेल तर त्या फीचा एक रुपयाही या फंडात नको. फीला तारीख असते, आणि बाजार तारीख पाळत नाही. ते पैसे बँकेच्या आरडीत ठेवले. व्याज कमी आहे, पण जूनमध्ये किती हातात येणार ते आजच माहीत आहे. भाच्याला ते कंटाळवाणं वाटतं. असू दे.

ऑप्शन्सचा विषयही निघालाच. वर्गातल्या कुणाच्या तरी दादाने नफ्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता आणि भाचा म्हणत होता, पप्पांच्या खात्यावरून करू. त्याला मी सेबीचा सप्टेंबर 2024 चा अहवाल दाखवला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभर सामान्य लोकांपैकी 93 जणांचं नुकसान झालं होतं. त्याने विचारलं, "मग त्यांचे स्क्रीनशॉट कुठेत?" यावर मला काही बोलायची गरजच पडली नाही.

ज्यांचे आई-वडील असं खातं उघडणार आहेत त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मूल अल्पवयीन असताना पैसे काढून नफा झाला, तर तो सहसा आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरतात. पाच-सहा हजारांच्या खात्यात याने फारसा फरक पडत नाही, पण दाजींना ते आधीच सांगून ठेवलंय. आणि अठरावा वाढदिवस झाला की पालकाच्या सहीवरचे व्यवहार थांबतात, एसआयपीही थांबते. मुलाने स्वतःचं पॅन काढून, केवायसी करून, खातं सज्ञान म्हणून बदलून घेईपर्यंत पैसे तिथेच असतात, पण हलवता येत नाहीत. त्यामुळे ऐन ॲडमिशनच्या धावपळीत अडकायचं नसेल तर पॅनचा अर्ज वेळेत करा. भाच्याला अजून अवकाश आहे. त्याचे बारा हप्ते संपले, आणि 2025 च्या श्रावणातल्या मजुरीतून त्याने पुढचे बारा स्वतःहून लावलेत.