डबा बोलला नाही, म्हणून वाचले!

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांना भर गर्दीत फोन आला. "काका, सकाळच्या सामानाचे 500 द्यायचे होते, चुकून 5000 गेले. आई दवाखान्यात आहे हो, 4500 परत पाठवा ना!" पाठोपाठ मेसेज : खात्यात 5000 जमा.

काकांनी रक्कम टाकली, पिन टाकणार तोच काकू म्हणाल्या, "अहो, पैसे आले तर पेमेंटचा डबा का नाही बोलला?"

काकांनी बँकेचं ॲप उघडलं. एक रुपयाही जमा नव्हता. मेसेज नीट पाहिला, तर तो दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला. बँकेचे असे मेसेज अक्षरी नावाने येतात. पैसे आले की नाही, हे मेसेजवरून नाही, खात्यावरूनच ठरवायचं.

संध्याकाळी मी त्यांच्या फोनवर ट्रूकॉलर टाकून दिलं. लोकांनी ज्या नंबरची तक्रार केली असते, तो वाजताना लाल दिसतो. सेटिंगमध्ये ठरवलं तर परस्पर कटतो. काकांनी तो फसवा नंबरही ब्लॉक करून स्पॅम म्हणून नोंदवला.

पण एक लक्षात ठेवा. नव्या सिमवरून फोन आला, तर त्याविरुद्ध तक्रारच नसते, म्हणून तो साधाच दिसतो. तिथे ॲप नाही, आपलंच डोकं चालवायचं.

पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन करा. असा फसवा कॉल नुसता आलाच, तर संचार साथीवरच्या 'चक्षू'मध्ये कळवा.